वाटी म्हणजे कप नव्हे

अमेरिकेतील एका लहान गावात राहणाऱ्या माझ्या पुतणीने आजीच्या वहीतील पुरणपोळीची कृती इंग्रजीत मागवली. वहीत एवढेच होते : 'एक वाटी हरभऱ्याची डाळ, एक वाटी चिरलेला गूळ.' मी वाटीच्या जागी 'कप' लिहिले. तिच्या गावात गूळ मिळत नाही, म्हणून पर्याय दिला ब्राउन शुगरचा. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला, "काका, पुरण सैल झालं, गोडही फार. पोळी लाटताना फुटते."

बँकेतल्या सवयीने मी ताळा करायला बसलो. आमच्या घरची वाटी पाण्याने भरून मोजली, ती १५० मिलिलिटरची निघाली. अमेरिकन कप सुमारे २४० चा. पण दोन्ही जिन्नस कपानेच घेतले, तर प्रमाण टिकायला हवे होते. मग वजनकाटा काढला. आमच्या वाटीत डाळ १२५ ग्रॅम बसते आणि चिरलेला गूळ ११० ग्रॅम, कारण गुळाच्या खड्यांत पोकळी राहते. कपभर डाळ भरते सुमारे २०० ग्रॅम. तिला गूळ हवा १७५ ग्रॅम. ब्राउन शुगर मात्र तिकडे कपात दाबून भरतात, ती होते २२० ग्रॅम. जास्तीची ही ४५ ग्रॅम साखर विरघळून पुरण पातळ झाले होते. म्हणून आता कृतीत वाटीही नाही आणि कपही नाही : डाळ २५० ग्रॅम, गूळ २२० ग्रॅम.

पर्यायाचा प्रश्न याहून नाजूक निघाला. ब्राउन शुगर म्हणजे बहुधा पांढऱ्या साखरेत मळी मिसळलेली. अमेरिकेतील काही कारखाने उसाची साखर स्वच्छ करताना हाडांचा कोळसा वापरतात, आणि वेष्टनावर ते लिहिलेले नसते. बीटच्या साखरेला तो लागत नाही. पण बीट हे कंदमूळ. नुसती 'शुगर' असे छापलेली पिशवी बीटची असू शकते. म्हणून कृतीत स्पष्ट लिहिले : साखर उसाची आणि 'यूएसडीए ऑर्गॅनिक' शिक्क्याचीच घ्यावी, कारण त्या प्रमाणपत्रात हाडांच्या कोळशाला मुभा नाही.

शेवटची ओळ आईच्या तोंडची होती, वहीत नव्हती. 'पुरण किती मिनिटे आटवायचे?' या प्रश्नाला मिनिटांचे उत्तर नाही, कारण शेगडी आणि भांडे प्रत्येक घरी निराळे. ती पुरणात उलथने उभे करून हात सोडायची. उलथने कलले तर आणखी आटवायचे. सरळ उभे राहिले की गॅस बंद. हे वाक्य मी इंग्रजीत जसेच्या तसे उतरवले.

परवा पुतणीने छायाचित्र पाठवले. त्यात पोळी नव्हती. पातेल्यात सरळ उभे असलेले उलथने तेवढे होते.