‘सरकार विचार करते’ म्हणजे नेमके काय?

भोपाळच्या अवधपुरीत, भेलच्या वसाहतीला लागून असलेल्या या भागात, मराठी वृत्तपत्र दारात पडत नाही. घरोघरी येते ते हिंदी, आणि ज्यांना हवे त्यांच्याकडे इंग्रजी. म्हणून आम्ही काही मराठी कुटुंबांसाठी दर रविवारी आठवड्यातील दहा-बारा बातम्यांचे मथळे मराठीत करून भ्रमणध्वनीवर पाठवतो. गेल्या महिन्यात हे काम एका तरुण मित्राने अंगावर घेतले. ‘गव्हर्नमेंट मल्स टॅक्स कट’ या मथळ्याचे मराठी त्याने केले ते असे : ‘सरकार कर कपात विचार करते’. शब्द सारे मराठी, पण वाक्य मराठी नव्हे. ते का नव्हे, हे त्याला सांगू लागलो तेव्हा आमच्याही ध्यानात काही गोष्टी नव्याने आल्या.

इंग्रजी मथळ्याचे व्याकरण हे इंग्रजी भाषेचे नेहमीचे व्याकरण नव्हे. शिशाच्या खिळ्यांच्या काळात अरुंद स्तंभात मावावे म्हणून ते घडत गेले. ‘मल’, ‘रो’, ‘नॉड’, ‘प्रोब’, ‘बिड’ हे शब्द तेथे आले ते तोकडे आहेत म्हणून. बोलताना कोणी इंग्रज ‘सरकार मल करते आहे’ असे सहसा म्हणत नाही. तीच गोष्ट काळाची. काल घडून गेलेली घटना इंग्रजी मथळा साध्या वर्तमानकाळात सांगतो, आणि तेथील वाचक तिचा भूतकाळ मनातल्या मनात लावून घेतो. मराठी वाचकाला ती सवय नाही. ‘न्यायालय याचिका फेटाळते’ हे वाक्य आपल्याकडे न्यायालयाची खोड सांगते, कालचा निकाल नव्हे.

आमचा मुख्य मुद्दा असा की, मराठीला ही काटकसर उसनी आणावीच लागत नाही. तिच्यापाशी स्वतःची आहे. ‘भिंत कोसळून दोन ठार’ या मथळ्यात क्रियापद नाही, तरी काही अडत नाही, कारण ‘कोसळून’ या एका रूपात कारण आणि क्रम दोन्ही आले. ‘तिघांना अटक’ यात कोणी अटक केली हे सांगायची गरजच नाही. आणि इंग्रजी मथळ्यातील ‘टू’ जे काम करतो, ते आपला ‘णार’ अधिक सफाईने करतो : ‘केंद्र सर्वोच्च न्यायालयात जाणार’. लिंग बदलो वा वचन, ‘णार’ बदलत नाही. तेथील हिंदी मथळा मात्र ‘टैक्स घटाने पर विचार कर रही सरकार’ असा ‘है’ गाळून उलटा फिरतो, आणि भोपाळात वाढलेली आमची मुले त्याच्या नकलेने ‘कर घटवण्यावर विचार करत सरकार’ असे लिहितात. हिंदीत ते शोभते. मराठीत वाक्य अर्ध्यावर तुटते.

आता वकिलीच्या अंगाने एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ, कारण ते आमच्या शहराचे आहे. १४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने केंद्र सरकारची क्युरेटिव्ह याचिका फेटाळली. १९८९ साली युनियन कार्बाइडशी ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली होती. ती अपुरी आहे, सबब आणखी ७,८४४ कोटी रुपये द्यावेत, अशी केंद्राची २०१० पासूनची मागणी होती. अशा निकालाचा इंग्रजी मथळा साधारण या धर्तीवर बेततात : ‘एससी रिजेक्ट्स सेंटर्स प्ली फॉर मोअर भोपाळ गॅस कॉम्पेन्सेशन’.

शब्दशः मराठी केले तर ‘सर्वोच्च न्यायालय केंद्राची भोपाळ वायू अधिक भरपाई याचिका फेटाळते’ अशी नामांची मालगाडी तयार होते. इंग्रजीत एकापुढे एक नामे जोडून चालते, कारण शेवटचे नाम इंजिन आहे हे वाचकाला ठाऊक असते. मराठीत डब्यांना कड्या लागतात : ‘ची’, ‘साठी’, ‘ना’. म्हणून पहिली दुरुस्ती काळाची आणि दुसरी कड्यांची : ‘वायुपीडितांना वाढीव भरपाई देण्याची केंद्राची याचिका फेटाळली’. येथे कर्ता अजिबात नाही. तो उपमथळ्यात येईल. आम्ही तरुण मित्राला सांगितले ते एवढेच, की कर्ता खुशाल गाळा, पण कर्ता ठेवून ‘ने’ गाळू नका. ‘सर्वोच्च न्यायालय याचिका फेटाळली’ हे कोणत्याच भाषेचे व्याकरण नव्हे. ‘फेटाळली’ तील ‘ली’ याचिकेला बांधलेली असते. अर्ज असता तर ‘फेटाळला’, अपील असते तर ‘फेटाळले’. काय फेटाळले हे क्रियापदाच्या शेपटावरूनच कळते. इंग्रजीत ही सोय नाही.

तरीही हा मथळा पुरा बरा नव्हता. ‘देण्याची याचिका’ म्हणजे देणारे केंद्र की मागणारे, असा घोटाळा उरतो. मग ‘भोपाळ वायुपीडितांना भरपाई नाही’ असे सुटसुटीत सुचवण्यात आले, आणि येथे आम्ही हटून बसलो. कारण ते खोटे ठरले असते. १९८९ च्या तडजोडीची भरपाई रद्द झाली नव्हती. प्रलंबित दाव्यांसाठी रिझर्व्ह बँकेत पडून असलेले ५० कोटी रुपये वापरण्याचा निर्देश त्याच निकालात होता. ज्या घरात कोणाचा दावा अजून अडकला आहे, तेथील माणसाने असा मथळा वाचून कागदपत्रे माळ्यावर टाकली असती तर? अखेर ठरले ते असे : ‘भोपाळ वायुपीडितांसाठी वाढीव भरपाईची मागणी फेटाळली, केंद्राची याचिका अमान्य’. ‘वाढीव’ हा तीन अक्षरांचा शब्द येथे गाळता येत नाही. जागा कमी असेल तर ‘केंद्राची याचिका’ जाऊ द्यावी, तो नव्हे.

न्यायालयीन मथळ्यांत अशा चुकांचे मोल मोठे असते. ‘स्टे’ म्हणजे स्थगिती, रद्दबातल नव्हे. आदेश जिवंत असतो, फक्त थांबतो. ‘रिझर्व्ह्ज ऑर्डर’ चे ‘निकाल राखीव’ करणारे आम्ही पाहिले आहेत. निकालाला आरक्षण नसते, तो ‘राखून ठेवला’ जातो. ‘मूव्ह्ज कोर्ट’ म्हणजे ‘न्यायालयात धाव’. आणि सीमाभागातील वाचकांना ठाऊक असलेला ‘रो’ : ‘बॉर्डर रो’ चे भाषांतर ‘सीमावाद’ की ‘सीमाप्रश्न’, यात केवळ शब्दकोश नाही. महाराष्ट्राने २००४ साली अनुच्छेद १३१ खाली दाखल केलेला दावा न्यायालयापुढे ‘वाद’ आहे. बेळगावच्या घरात तो ‘प्रश्न’ आहे. मथळा न्यायालयाच्या कामकाजाविषयी असेल तर आम्ही पहिला शब्द घेतो, माणसांविषयी असेल तर दुसरा.

आता पुन्हा त्या करकपातीकडे. ‘करकपात होणार’ हे वाचायला सुटसुटीत आहे, पण ‘णार’ निर्णय झाल्याचे सांगतो, आणि ‘मल’ नेमका निर्णय झाला नसल्याचे. ‘करकपात होणार?’ असे प्रश्नचिन्ह लावून हल्ली पुष्कळ जण निसटतात. आम्हाला ते पटत नाही, कारण प्रश्न विचारणारा कोण आणि उत्तर देणारा कोण हे वाचकाला कळत नाही. ‘करकपातीचा सरकारचा विचार’ व्याकरणाने ठीक, पण दोन षष्ठ्या एकामागून एक अडखळतात. ‘सरकार करकपातीच्या विचारात’ हे तोंडी रूप आहे, आणि सरकारी भाषेत ‘करकपात सरकारच्या विचाराधीन’ असे होईल. तरुण मित्राने पहिले निवडले. आम्ही दुसरे निवडले असते, पण पान त्याचे होते आणि शब्दही त्याचे अधिक सोपे होते.