'राज्य' कोणास म्हणावे?

मूलभूत हक्क बहुतांशी 'राज्या'विरुद्ध बजावता येतात. अनुच्छेद १२ नुसार राज्य म्हणजे शासने, विधिमंडळे, स्थानिक संस्था आणि 'इतर प्राधिकरणे'. वाद उद्भवतो तो या शेवटच्या दोन शब्दांवरून. एखादी संस्था आर्थिक, कार्यात्मक व प्रशासकीय दृष्ट्या शासनाच्या सर्वव्यापी नियंत्रणाखाली आहे काय, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी २००२ साली घालून दिली.

प्रक्षेपण हक्कांच्या तंट्यात २००५ साली ती भारतीय क्रिकेट नियामक मंडळास लावण्यात आली. तीन विरुद्ध दोन मतांनी मंडळ 'राज्य' नव्हे, असे ठरले. मंडळात शासनाचे भांडवल नाही. मक्तेदारी आहे खरी, परंतु ती कायद्याने बहाल केलेली नाही. देशाचा संघ निवडणाऱ्या संस्थेस खाजगी म्हणणे आम्हांस पटत नाही; अल्पमतच आम्हांस अधिक सयुक्तिक वाटते. अर्थात, मंडळाचे कार्य सार्वजनिक असल्यामुळे अनुच्छेद २२६ अन्वये उच्च न्यायालयाचे दार बहुमतानेही खुले ठेवले.

अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या अनुच्छेद १७ ला मात्र ही कसोटी लागतच नाही. अस्पृश्यता पाळणारा खाजगी उपाहारगृहाचा मालक असला, तरी तो 'राज्य' आहे काय, हे तेथे कोणी विचारीत नाही.