मालक कोण? जनता, शंभर टक्के!

गेल्या सत्रात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला मी एक लहानसा प्रकल्प दिला होता. शेअर बाजारात नोंदलेली कोणतीही एक कंपनी घ्यावी आणि तिचा मालक कोण ते प्रसिद्ध झालेल्या कागदांवरून शोधून काढावे. एका हुशार विद्यार्थ्याने आयटीसी ही कंपनी निवडली आणि दोन ओळींत निकाल लावला : ‘प्रवर्तक : शून्य टक्के. जनता : शंभर टक्के. सबब या कंपनीचा मालक कोणी नाही, किंवा आपण सारेच आहोत.’ मी विचारले, "अरे, पुढची पाने उलटलीस का?" तो म्हणाला, "सर, पहिल्याच तक्त्यात उत्तर मिळालं, मग पुढे कशाला जायचं?"

मी त्याचे गुण कापले नाहीत, कारण चूक त्याची नव्हती. त्याने कागदावर जे छापले होते तेच लिहिले. ‘जनता’ हा शब्दच तेथे दिशाभूल करतो, आणि मला जे म्हणावयाचे आहे ते याच शब्दाविषयी आहे.

प्रथम हा कागद काय आहे ते पाहू. सेबीच्या २०१५ च्या नियमांतील ३१ व्या कलमानुसार प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला दर तिमाही संपल्यापासून एकवीस दिवसांच्या आत आपल्या भागधारकांचा तक्ता शेअर बाजाराकडे सादर करावा लागतो. तो बाजाराच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येतो. त्यात सर्व भागधारकांची विभागणी मुख्यतः प्रवर्तक आणि जनता अशा दोन गटांत केलेली असते. कर्मचारी न्यासासारखे जे या दोहोंत बसत नाहीत त्यांचा तिसरा, छोटा गट असतो. पहिला तक्ता नुसत्या बेरजांचा. त्यापुढच्या तक्त्यांत नावे येतात. प्रवर्तक असेल तर त्याचे नाव, हिस्सा कितीही थोडा असला तरी, द्यावेच लागते. जनतेपैकी मात्र ज्यांचा हिस्सा एक टक्का किंवा त्याहून अधिक आहे त्यांचीच नावे येतात. बाकीचे लाखो भागधारक केवळ संख्येने मोजले जातात.

आता ‘प्रवर्तक’ म्हणजे ‘सर्वांत मोठा मालक’ असा आपला समज असतो, पण कायद्याची व्याख्या तशी नाही. ज्याचे नाव कंपनीने आपल्या कागदपत्रांत प्रवर्तक म्हणून दिले आहे, किंवा ज्याचा कंपनीवर ताबा आहे, किंवा ज्याच्या सूचनेप्रमाणे संचालक मंडळ वागते, तो प्रवर्तक. नुसता हिस्सा मोठा असून भागत नाही. आयटीसी स्वतःला व्यावसायिक व्यवस्थापकांनी चालविलेली कंपनी मानते, म्हणून प्रवर्तकाच्या रकान्यात शून्य येते. आणि जो प्रवर्तक नाही तो आपोआप ‘जनता’ ठरतो.

मग या जनतेत कोण कोण आहे? ३१ मार्च २०२४ अखेरचे चित्र घेऊ. जनतेच्या तक्त्यात, ‘परदेशी कंपन्या’ या सदराखाली, तीन नावे भेटतात. टोबॅको मॅन्युफॅक्चरर्स (इंडिया) लिमिटेड, सुमारे २०.४ टक्के. मिडल्टन इन्व्हेस्टमेंट कंपनी, सुमारे ३.९ टक्के. रॉथमन्स इंटरनॅशनल एंटरप्रायझेस, सुमारे १.२ टक्के. पहिल्या नावात ‘इंडिया’ आहे खरे, पण ती कंपनी ब्रिटनमध्ये नोंदलेली आहे. नावावरून गाव ओळखू नये, हा या शोधातला पहिला धडा.

ही तीन नावे एकाच घरची आहेत हे तक्ता सांगत नाही. त्यासाठी दुसरा कागद उघडावा लागतो. ब्रिटनमध्ये प्रत्येक कंपनीची कागदपत्रे ‘कंपनीज हाऊस’ या सरकारी नोंदणी कार्यालयात असतात आणि त्यांत त्या कंपनीवर कोणाचे नियंत्रण आहे ते लिहिलेले असते. तेही फुकट पाहता येते. तिन्ही धागे लंडनच्या ब्रिटिश अमेरिकन टोबॅको या कंपनीकडे जातात. पडताळा हवा असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा वार्षिक अहवाल पाहावा. त्यात आयटीसी ‘सहयोगी कंपनी’ म्हणून हिशेबात धरलेली आढळते. मालकाच्या वहीत आणि मालमत्तेच्या वहीत एकच नोंद सापडली की शोध पक्का झाला असे समजावे. तिन्हींची बेरीज होते सुमारे साडेपंचवीस टक्के.

हे नाते काही आजचे नाही. १९१० मध्ये कलकत्त्यास ‘इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया’ या नावाने हीच कंपनी स्थापन झाली. १९७० मध्ये ‘इंपीरियल’ जाऊन ‘इंडिया’ आले, १९७४ मध्ये नुसती आद्याक्षरे उरली. नाव तीनदा बदलले, पण लंडनचा हिस्सा कमी होत होत का होईना, राहिला.

साडेपंचवीस हा आकडाही अर्थपूर्ण आहे. कंपनीचे मूलभूत बदल, म्हणजे नियमावली बदलणे वगैरे, विशेष ठरावाने होतात आणि त्यासाठी ठरावाविरुद्ध पडलेल्या मतांच्या निदान तिप्पट मते बाजूने पडावी लागतात. ज्याच्याजवळ पंचवीस टक्क्यांहून अधिक मते आहेत तो एकटा असा ठराव पाडू शकतो. मार्च २०२४ पूर्वी लंडनचा हिस्सा सुमारे २९ टक्के होता. त्या महिन्यात साडेतीन टक्के विकले, तरी तो पंचविसाच्या वरच राहिला. मे २०२५ मध्ये आणखी विक्री झाली आणि तो सुमारे २३ टक्क्यांवर आला. म्हणजे नकाराधिकार गेला का? कागदावर गेला. पण सर्वच भागधारक मत देत नाहीत. समजा शंभरातील पंच्याऐंशी मते पडली, तर तेवीस मतांचे प्रमाण सत्तावीस टक्के होते. तक्त्यातील टक्का हा एकूण भागांचा असतो, सभेतील जोर पडलेल्या मतांवर ठरतो. हा फरक ध्यानी न घेता मालकी मोजणे म्हणजे मतदार यादी पाहून निवडणुकीचा निकाल सांगण्यासारखे आहे.

आता त्याच ‘जनते’तले दुसरे मोठे नाव पाहा : भारतीय आयुर्विमा महामंडळ, सुमारे पंधरा टक्के. त्यापाठोपाठ जुन्या युनिट ट्रस्टच्या विभाजनानंतर सरकारकडे उरलेला उपक्रम, जवळजवळ आठ टक्के. सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांचे एकदोन टक्क्यांचे हिस्से वेगळे. ही नावेही वेगवेगळ्या ओळींत विखुरलेली आहेत. एकत्र केली तर कंपनीचा साधारण चौथा हिस्सा सरकारच्या छत्राखालच्या संस्थांकडे आहे असे दिसते. कंपनीच्या वार्षिक अहवालात संचालकांची यादी पाहिली तर कोण कोणाचा प्रतिनिधी आहे तेही कळते. म्हणजे जिला मालकच नाही असे आम्ही समजत होतो, तिच्या दोन मोठ्या हिस्सेदारांपैकी एक लंडनमध्ये आहे आणि दुसरा दिल्लीच्या छायेत.

आयुर्विम्याची साखळी आणखी वर नेता येते. मे २०२२ मध्ये महामंडळाचे भाग विक्रीस आले, त्यानंतर महामंडळाचे साडेशहाण्णव टक्के भाग सरकारकडे राहिले. पण येथे नुसता गुणाकार करून थांबू नये. महामंडळ जो पैसा गुंतवते तो बहुतांशी विमेदारांचा आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी वडिलांच्या पगारातून विम्याचा हप्ता जातो. त्या हप्त्याचा एक कण सिगारेटच्या कारखान्यात गुंतलेला आहे, त्याचा नफा विमेदाराच्या बोनसात मिसळतो, आणि मत मात्र महामंडळ देते. एका हाताने सरकार पाकिटावर कर्करोगाचे चित्र छापावयास लावते, दुसऱ्या हाताने त्याच पाकिटाचा लाभांश घेते. ही विसंगती घेऊन २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली होती. तंबाखूत सरकारी पैसा असावा की नसावा यावर मतभेद होऊ शकतात. निपाणीच्या परिसरात ज्याचे घर तंबाखूवर चालते त्याचे मत वेगळे असेल. पण वाद घालण्यापूर्वी तो पैसा तेथे आहे हे तरी ठाऊक असावे.

या तक्त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एक टक्क्याच्या खाली राहिलेला माणूस दिसत नाही. कोणी आपला हिस्सा पाऊण-पाऊण टक्क्याच्या पाच नावांत वाटला तर तो गर्दीत हरवतो. परदेशी गुंतवणूक निधीचे नाव दिसते, पण त्यामागचा पैसा कोणाचा ते दिसत नाही. ज्या निधीची निम्म्याहून अधिक भारतीय भागगुंतवणूक एकाच उद्योगसमूहात आहे त्याने खऱ्या माणसांपर्यंतची माहिती द्यावी असे सेबीने ऑगस्ट २०२३ मध्ये बजावले; पण ती माहिती आपल्यासारख्यांच्या तक्त्यात येत नाही. शिवाय तक्ता तिमाहीच्या शेवटच्या दिवसाचा असतो. मधल्या दिवसांत काय झाले ते बाजाराला दिलेल्या वेगळ्या सूचनांत शोधावे लागते.

माझी मागणी साधी आहे. जे भागधारक एकाच कंपनीच्या पूर्ण मालकीचे आहेत त्यांची बेरीज त्याच तक्त्यात एका ओळीत द्यावी. कंपनीला ती ठाऊक असतेच. आणि ‘जनता’ हा शब्द बदलून ‘प्रवर्तकेतर’ असा रुक्ष पण खरा शब्द वापरावा. खडेबाजारातल्या दुकानदाराचे दहा भाग आणि लंडनच्या कंपनीचे कोट्यवधी भाग एकाच ‘जनते’त मोजणे हा हिशेब नव्हे.

माझ्या त्या विद्यार्थ्याने प्रकल्प पुन्हा लिहिला. या खेपेस सात पाने झाली. शेवटी त्याने एक टीप जोडली होती : ‘घरी वडिलांची पॉलिसी पाहिली. आम्हीही आहोत.’ तिथे मात्र मी पूर्ण गुण दिले.