‘रक्त कमी’ म्हणजे नेमके काय?

जळगाव-धुळ्याकडे हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आले की ‘रक्त कमी आहे’ असे सांगून लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. बहुतेकींच्या बाबतीत ते योग्यच असते. पण काही महिन्यांनी पुन्हा तपासणी होते, हिमोग्लोबिन जागचे हललेले नसते आणि ‘गोळ्या नीट घेत नसशील’ म्हणून बोल बाईला लागतो. खरे उत्तर अनेकदा तिच्या पहिल्याच सीबीसी रिपोर्टमध्ये छापलेले असते, पण कोणी वाचलेले नसते.

रिपोर्टवरचे दोन आकडे इथे कामाचे आहेत. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान. प्रौढांत ते साधारण 80 ते 100 फेम्टोलिटर असते. आरडीडब्ल्यू म्हणजे त्या पेशींच्या आकारांतील तफावत, साधारण साडेअकरा ते साडेचौदा टक्के. रावेरच्या केळी उत्पादकाला हे लगेच उमजेल. घडातले केळे सरासरी केवढे आहे, हा एक प्रश्न. सगळी केळी एकसारखी भरली आहेत की काही मोठी, काही बारीक, हा दुसरा. हे दोन आकडे एकत्र वाचून ॲनिमियाचे वर्गीकरण करण्याची पद्धत अमेरिकी डॉक्टर बेसमन यांनी 1983 मध्ये मांडली.

समजा, धुळ्यात दोन गरोदर स्त्रियांचे हिमोग्लोबिन 10.2 आले. पहिलीचा एमसीव्ही 70, आरडीडब्ल्यू 18.5 आणि तांबड्या पेशी 47 लाख. दुसरीचा एमसीव्ही 64, आरडीडब्ल्यू 14 आणि पेशी 52 लाख. दोघींच्या पेशी लहान आहेत, पण पहिलीच्या लहान-मोठ्या मिसळलेल्या आहेत. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. लोह हळूहळू आटत जाते, तेव्हा आधीच्या बऱ्या आकाराच्या पेशींमध्ये नव्या बारीक पेशी येऊन मिसळतात. त्यामुळे तफावत वाढते. ही लोहाची कमतरता असण्याची शक्यता जास्त.

दुसरीच्या पेशी मात्र एकजात लहान आणि संख्येने भरपूर आहेत. हे चित्र थॅलेसेमियाच्या वाहक व्यक्तीत दिसते. दोष जनुकात असल्याने प्रत्येक पेशी जन्मतःच लहान घडते. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने (दशलक्षांत) भागून हाच अंदाज ताडून पाहता येतो. पहिलीचे उत्तर 14.9 येते, दुसरीचे 12.3. तेराच्या खालचे उत्तर थॅलेसेमियाकडे बोट दाखवते.

दुसरीला फक्त गोळ्या देत राहिले, तर गमावला जातो तो वेळ. तिचा नवराही वाहक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता चारात एक असते. अशा बाळाला आयुष्यभर रक्त चढवावे लागते. म्हणून अशा रिपोर्टनंतर एचपीएलसी तपासणीत हिमोग्लोबिन ए-टू मोजले पाहिजे आणि ते साडेतीन टक्क्यांच्या वर आले तर नवऱ्याचीही तपासणी लगेच व्हायला हवी. सिंधी समाजात वाहकांचे प्रमाण जास्त असल्याचे माहीत आहे. जळगावात हा समाज मोठा आहे. तिथे हा आकडा नजरेआड होणे परवडणारे नाही.

अर्थात, हे आकडे निकाल देत नाहीत, दिशा दाखवतात. काही वाहकांत आरडीडब्ल्यू थोडा वाढलेला असतो. एकाच बाईत लोहाची कमतरता आणि थॅलेसेमिया दोन्ही असू शकतात आणि तीव्र कमतरतेत ए-टू खोटे कमी दिसू शकते. गोळ्या लागू पडल्या की नव्या, मोठ्या पेशी आल्याने आरडीडब्ल्यू काही काळ उलट वाढतो. म्हणून गोळ्या सुरू होण्याआधीचा रिपोर्ट मोलाचा, तो जपून ठेवावा. आणि रिपोर्ट पाहून गोळ्या मनाने बंद करू नयेत.

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा, यावल, शिरपूर पट्ट्यात, आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. सिकलसेलच्या वाहकात हे दोन्ही आकडे बहुधा अगदी सामान्य असतात. तिथे सीबीसी चांगला आला म्हणून निर्धास्त राहता येत नाही; सोल्युबिलिटी चाचणी आणि ती सकारात्मक आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावीच लागते.

सीबीसी झाला असेल तर हे वाचन फुकट आहे. गोळ्यांचे दुसरे पाकीट हातात देण्यापूर्वी डॉक्टरांनी हिमोग्लोबिनच्या खालच्या दोन ओळी वाचाव्यात, एवढीच अपेक्षा आहे. पेशी लहान आणि एकसारख्या असतील, तर दोष गोळी न घेणाऱ्या बाईचा नसून न झालेल्या तपासणीचा असू शकतो.