‘काय’ दिसले की प्रश्नचिन्ह!

शाळाशाळांतून मुलांना एक नियम घोकायला लावतात : वाक्यात ‘काय’, ‘कोण’, ‘किती’, ‘का’ यांपैकी एखादा शब्द दिसला की शेवटी प्रश्नचिन्ह द्यावे. नियम सुटसुटीत आहे, तपासणाऱ्याच्या सोयीचा आहे आणि साफ खोटा आहे. वीस वर्षे मराठी शिकवून मी हे म्हणतो.

दिवाळी आहे, तेव्हा चकलीचाच दाखला घेऊ. ‘काय खुसखुशीत झाली आहे चकली!’ हे एका मुलाने निबंधात लिहिले. त्याच्या आधीच्या शिक्षकांनी उद्गारचिन्ह खोडून तेथे तांबड्या शाईने प्रश्नचिन्ह काढले आणि अर्धा गुण कापला! आता ते वाक्य वाचून पाहा. आईच्या हाताचे कौतुक गेले आणि शंका उरली. मुलाचा कान बरोबर होता. चुकला तो नियम.

उलट बाजू पाहा. ‘चकली संपली.’ ही बातमी. ‘चकली संपली?’ ही विचारणा. ‘चकली संपली!’ हा आकांत. शब्द तेच आणि त्याच क्रमाने. ‘का’ नाही, ‘काय’ नाही. बोलताना आवाजाच्या चढउताराने जे कळते, ते कागदावर त्या एका चिन्हानेच कळायचे. घोकलेला नियम इथे मुलाच्या काय कामाचा?

आणखी एक वाक्य घ्या. ‘गोविंदाने डबा का लपवला, ते आईला ठाऊक होते.’ यात ‘का’ आहे. पण कोणी काही विचारीत नाही, सांगत आहे. येथे पूर्णविरामच हवा.

अवतरणचिन्हे आली की आणखी गोंधळ उडतो. मुलाला एवढेच विचारावे, की प्रश्न कोणाचा? ताईने विचारले, “चकली संपली?” येथे प्रश्न ताईचा, म्हणून प्रश्नचिन्ह तिच्या बोलण्याबरोबर अवतरणाच्या आत. ताईने “चकली संपली” असे का सांगितले? येथे ताई सांगते आहे आणि विचारतो आहे लिहिणारा. म्हणून चिन्ह अवतरणाबाहेर, वाक्याच्या शेवटी.

कोणी म्हणेल, “गुरुजी, मग नियम तरी कोणता?” नियम असा, की शब्दाकडे न पाहता वाक्याच्या हेतूकडे पाहावे. वाक्य विचारते, सांगते, की उद्गारते? ‘चकली कोणाला आवडत नाही?’ याला कोणी उत्तर मागत नाही, हे खरे; पण बोलणाऱ्याने विचारण्याचाच सूर लावला आहे, म्हणून तेथे प्रश्नचिन्ह राहते.

तेव्हा पालकहो, सुटीत मुलाची वही हाती आली, तर त्याला वाक्य मोठ्याने वाचायला सांगा. चिन्ह कोणते, ते त्याचा आवाजच सांगेल. आणि तेच चिन्ह तांबड्या शाईने खोडलेले दिसले, तर मुलाला नव्हे, शिक्षकांना जाब विचारा.