‘शिल्लक परत करण्यात येईल’

माझा एक जुना विद्यार्थी आता जालन्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो मोबाईल घेऊन घरी आला. "सर, घरमालक तर चांगलं बोलतो, पण डिपॉझिट मिळेल असं वाटत नाही," म्हणाला. भाडं सहा हजार, डिपॉझिट तीस हजार, आणि करार स्टॅम्पवर नोटरी केलेला. त्याची नोंदणी झालेलीच नाही. आपल्याकडे बहुतेकांचा असाच असतो.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. कायदा नंतर पाहू, आधी क्रियापदं पाहू, असं म्हणून आम्ही मे महिन्यापासूनचे मेसेज तारखेनं वाचायला बसलो.

मेमधला पहिला मेसेज असा होता: "पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग मी करून देतो." यात करणारा कोण ते आहे, काम कोणतं ते आहे आणि मुदतही आहे. हे वचन झालं. जुलैत त्याचं "गच्चीचं काम काढायचंय, मिस्त्री भेटत नाही" असं झालं. काम अजून त्याचंच, फक्त मुदत गेली. ऑगस्टमध्ये "सब एकसाथ करवा लेंगे भाई". इथे ‘मी’चा ‘आपण’ झाला. करवून घेणारे दोघे, मग पैसे कोणाचे? पोरगा म्हणाला, "मला ते आपुलकीचं वाटलं, सर." वाटणारच. आपण मेसेजचा सूर वाचतो, कर्ता शोधत नाही.

घर सोडतो असं कळवल्यावर उत्तर आलं, "डिपॉझिटचं टेन्शन घेऊ नका, नवीन भाडेकरू आला की लगेच देतो." ‘लगेच’ या शब्दावर पोरगा खूश होता. पण ते ‘लगेच’ अजून न आलेल्या माणसाला बांधलेलं आहे. त्यातून दुसरीही गोष्ट कळते: तीस हजार मालकाकडे उरलेले नाहीत. मी त्याला लबाड म्हणणार नाही. पैसे कुठेतरी लागले असतील. पण ती त्याची अडचण, भाडेकरूची नव्हे.

शेवटचा मेसेज मात्र एकदम सरकारी थाटाचा: "रंग व किरकोळ दुरुस्ती वजा जाता शिल्लक परत करण्यात येईल." वजा कोण करणार, किती करणार, परत कोण आणि कधी करणार, यातलं काहीच नाही. ‘डिपॉझिट’ हा शब्दसुद्धा गेला, ‘शिल्लक’ उरली. आणि रंग कशाला? भिंतींना ओल आली म्हणून. ओल कशानं आली? गच्ची गळाली म्हणून. म्हणजे मेमध्ये जे काम मालकानं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, ते न केल्याचा खर्च आता भाडेकरूच्या तीस हजारांतून निघणार होता. हे दोन मेसेज शेजारी ठेवले तरच दिसतं.

आता कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून त्याची नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी आहे. ती त्यानं केली नाही, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं असल्याचं सिद्ध होईपर्यंत. कलम १४ दुरुस्तीचं आहे: नोटिशीनंतर पंधरा दिवसांत मालकानं दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत. पण हे भाडेकरूसाठी आहे. करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असेल तर या कलमावर विसंबून भाडं कापू नये, आधी वकिलाला कागद दाखवावा. याचा करार तसाच होता, म्हणून आम्ही कापाकापीच्या वाटेला गेलो नाही.

त्याऐवजी एक मेसेज लिहिला: "शेठ, रविवारी किल्ली देतो. डिपॉझिट ३०,००० आहे. गच्चीचं काम तुम्ही करणार असं मेमध्ये लिहिलं होतं, ओल त्याचीच आहे. बेसिन माझ्या मुलाच्या हातून फुटलं, ते माझ्याकडे. आणखी काही वजा करायचं असेल तर काम, रक्कम आणि बिल पाठवा. बाकी पैसे कोणत्या तारखेला देता ते कळवा." बेसिनचं लिहू नका, असं त्याची बायको म्हणत होती. मी लिहायला लावलं. आपलं देणं आधी मान्य केलं की समोरच्याला मोघम बोलायला जागा कमी उरते.

निळ्या खुणा आल्या आणि दोन दिवसांनी उत्तर: "फोन पे बात करते." फोन जरूर घ्यावा. पण ठेवल्या ठेवल्या त्यानं लिहून पाठवलं, "आत्ता बोलल्याप्रमाणे बेसिनचे १,८०० वजा, २८,२०० पैकी निम्मे किल्ली देताना, निम्मे पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला." समोरून फक्त "ठीक" आलं.

निम्मे रविवारी मिळाले. दहा तारीख अजून यायची आहे. चॅट पुसू नकोस आणि मोबाईलही इतक्यात बदलू नकोस, एवढं त्याला सांगून ठेवलंय.