'स्टोरेज फुल' झालं म्हणून मूळ फोटो घालवू नका

गूगल फोटोजचं फुकट अमर्याद स्टोरेज १ जून २०२१ ला बंद झालं. आता १५ जीबीत फोटो, जीमेल आणि ड्राइव्ह सगळंच बसवायचं. त्यामुळे 'स्टोरेज फुल'चा मेसेज आला, की आपण जागा वाचवणारं दिसेल ते बटण दाबतो. पण फोटो लहान करायचे दोन प्रकार आहेत, आणि त्यातल्या एकातून परत फिरता येत नाही.

आधी अपलोडनंतर काय होतं ते बघू. ४०००×३००० पिक्सेलचा फोटो फाइल म्हणून साधारण ४ एमबीचा असतो. पण लहान करायला तो उघडला, की दर पिक्सेलला ३ बाइट, म्हणजे मेमरीत ३६ एमबी लागतात. हे काम तुम्हाला थांबवून केलं तर ॲप अडकेल. म्हणून सर्व्हर मूळ फाइल ठेवून लगेच 'झालं' म्हणतो आणि काम रांगेत टाकतो. मागे दुसरा प्रोग्राम सावकाश थंबनेल बनवतो. ३२० पिक्सेलचं थंबनेल साधारण २० केबीचं. १०० फोटोंच्या ग्रिडसाठी ४०० एमबीऐवजी २ एमबी डेटा जातो.

माझ्या पहिल्या नोकरीत आम्ही साड्या विकणाऱ्यांसाठी ॲप बनवलं होतं. जागा वाचवायला ८०० पिक्सेलची फाइल आम्ही मूळ फाइलवरच सेव्ह करायचो. नेट तुटलं की रांगेतलं काम पुन्हा चालायचं, आणि आधीच दाबलेला जेपेग परत दाबला जायचा. दर वेळी थोडा तपशील जायचा. जरीच्या कडा धूसर दिसू लागल्या, तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. पुढे झूम द्यायचं ठरलं, पण ८०० पिक्सेलमधून ४००० परत आणणार कुठून? विक्रेत्यांना फोटो पुन्हा काढायला सांगावं लागलं. नंतर नियम केला: मूळ फाइल फक्त वाचायची, लहान फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची. मग काम दहादा चाललं तरी निकाल तोच येतो.

आता तुमचा फोन. आयफोनचं Optimize iPhone Storage लहान प्रत फोनवर ठेवतं आणि मूळ फोटो आयक्लाउडमध्ये राहतो. गूगल फोटोजचं Storage saver मात्र १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो तिथपर्यंत खाली आणून तीच प्रत साठवतं. वेबवरचं Recover storage आधी मूळ दर्जात चढवलेले फोटोही असेच दाबतं, आणि ते उलटवता येत नाही.

म्हणून ते बटण दाबण्याआधी लग्नाचे, आजी-आजोबांचे फोटो हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. उतरवलेल्या फाइलचे पिक्सेल आणि एमबी तपासा. आकडे कॅमेऱ्याच्या आकड्यांशी जुळले नाहीत, तर तुमच्या हातात मूळ फोटो नाही, दाबलेली प्रत आहे.